उत्तराचे माप : मैत्रिणीच्या निरोपाला जुळणारे उत्तर कसे घडते

पदवीच्या वर्गाला उपयोजित मराठी शिकवताना पत्रलेखनाच्या घटकाशी मी दरवर्षी अडखळते. अर्ज, निवेदन, आभारपत्र यांचे नमुने पुस्तकात असतात. विद्यार्थी दिवसभर जे लेखन करतात, म्हणजे मित्रमैत्रिणींच्या निरोपांना मोबाइलवर दिलेली उत्तरे, त्यांचा नमुना कुठेच नसतो. एका वर्षी मी नमुन्याऐवजी मला आलेला एक खरा निरोप फळ्यावर लिहिला आणि वर्गाला उत्तर लिहायला सांगितले.

निरोप माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा होता. ती बेळगावची. जूनमध्ये आमच्याकडे गोव्यात चार दिवस राहून ती बसने परत गेली. निघताना मी तिला कैरीच्या लोणच्याची बरणी दिली होती. घरी पोचल्यावर तिने लिहिले :

‘पोचलो बाई एकदाची! चोर्ल्यात धुकं असं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून रस्त्याला “आहेस का रे?” विचारत होता. शेजारचा पोरगा घाट लागल्यापासून माझ्याकडं बघून ओकायला तयार. शेवटी ओकलाच. साडी गेली, तुझी लोणच्याची बरणी वाचली. पोरं कशी आहेत?’

वर्गातून आलेली उत्तरे साधारण तीन प्रकारची होती. पहिला प्रकार : ‘छान. काळजी घे.’ सोबत जोडलेल्या हातांचे चित्र. दुसऱ्या प्रकारात पावसाळ्यात घाटातून प्रवास कधी करावा, मुलांना गाडी लागू नये म्हणून काय करावे, डाग कसे काढावेत, असे शंभर-सव्वाशे शब्दांचे मार्गदर्शन होते. तिसरा प्रकार : ‘हे काहीच नाही! मागच्या वर्षी आमच्या बसमध्ये तर...’ आणि पुढे स्वतःच्या प्रवासाची त्याहून भयंकर हकिगत.

व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही उत्तरे बिनचूक होती, आणि सद्भावनाही तिन्हींत होती. तरी वाचून दाखवल्यावर वर्गालाच ती खटकली. का खटकली, याचा शोध आम्ही तासभर घेतला. तो इथे मांडते आहे.

आधी लांबी पाहू. मैत्रिणीचा निरोप ३६ शब्दांचा आहे. म्हणून उत्तरही ३६ शब्दांचे असावे, असा नियम काही विद्यार्थ्यांनी काढला. तो पूर्ण चूक नाही, पण शब्द मोजण्यापेक्षा तिने काय काय हाती दिले आहे ते मोजणे अधिक उपयोगाचे. तिने चार गोष्टी दिल्या : पोचल्याची खबर आणि धुक्यातला ड्रायव्हर, ओकणारा पोरगा आणि साडी, वाचलेली बरणी, आणि शेवटी एक प्रश्न. ‘छान. काळजी घे.’ तोकडे वाटते, कारण या चारांपैकी एकही गोष्ट त्याने उचललेली नाही. हेच उत्तर वाढदिवसाच्या निरोपालाही चालले असते. मार्गदर्शन करणाऱ्या उत्तराने एकच गोष्ट उचलली आणि तिच्यावर निबंध लिहिला. पोरे कशी आहेत, हे मात्र दोघांनीही सांगितले नाही.

पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्र यांच्या काळात हे माप कागदच ठरवून देत असे. दोघींनाही तेवढीच जागा, त्यामुळे उत्तर आपोआप बेताचे होई. पडद्याला समास नाही. म्हणून ते माप आता लिहिणाऱ्याने राखायचे असते.

दुसरी बाब विनोदाची. तिचा विनोद कोणत्या जातीचा आहे, ते पाहावे लागते. रस्ता हा हाकेला ओ देणारा माणूस आहे, अशी तिने कल्पना केली. साडीचे नुकसान आणि बरणीचा बचाव असा हिशेब मांडून ती स्वतःच्या फजितीवर हसली. तिसऱ्या प्रकारच्या उत्तराने तिचा खेळ बंद करून स्वतःचा नवा खेळ सुरू केला. ‘हे काहीच नाही’ या दोन-तीन शब्दांत तिची सगळी हकिगत किरकोळ ठरली. जुळणारे उत्तर तिच्याच कल्पनेत शिरते आणि एकच पाऊल पुढे जाते. मी तिला लिहिले होते ते असे :

‘रस्त्यानं ओ दिली म्हणून बरं, नाहीतर तू अजून घाटातच! साडीचं वाईट वाटलं, पण बरणी वाचली म्हणजे पोरग्याला लोणच्याची कदर आहे. पोरं मजेत. धाकट्याला परीक्षेचा ताप. पुस्तक उघडलं की चढतो, बंद केलं की उतरतो.’

हे ३३ शब्द आहेत, पण ते मोजून लिहिलेले नाहीत. चार गोष्टी उचलल्या की आकार आपसूक तेवढाच झाला. पहिल्या वाक्यात तिचाच रस्ता बोलतो. दुसऱ्यात नुकसानीची दखल आधी येते, थट्टा नंतर. तिच्या प्रश्नाला ‘मजेत’ एवढेच म्हणून मी थांबले असते, तर पुढे लिहायला तिला काही उरले नसते. म्हणून तिच्या फजितीच्या तोलाची एक छोटी घरगुती खबर मी परत दिली.

तिसरी बाब आवेशाची. निरोपाचा आवेश उद्गारचिन्हांत असतो असे विद्यार्थ्यांना वाटते. मराठीत तो त्याहून अधिक बारीक शब्दांत आणि क्रियापदांत असतो : ‘बाई’, ‘एकदाची’, ‘ओकलाच’मधला ‘च’. ‘तू सुखरूप पोहोचल्याचे वाचून आनंद वाटला’ असे मी लिहिले असते, तर लांबी जुळूनही सूर जुळला नसता. ती ओसरीवर बसून बोलते आहे आणि मी व्यासपीठावरून, असे झाले असते.

पण इथेच एक खड्डा आहे, आणि आपल्यासारख्या सीमेलगतच्या मराठी माणसांना तो ठाऊक हवा. मैत्रिणीने ‘पोचलो’ लिहिले आहे. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बोलीत बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मी तशी बोलत नाही. सूर जुळवायचा म्हणून मीही ‘बरणी देऊन मी सुटलो’ असे लिहिले असते, तर तिला ती नक्कल वाटली असती. हॉवर्ड जाइल्स या समाजमानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून या विषयाचा पाठपुरावा केला. माणसे बोलताना एकमेकांच्या उच्चारांकडे, वेगाकडे, शब्दांकडे सरकतात आणि त्यातून जवळीक दाखवतात, हे त्याच्या मांडणीचे सूत्र. ही जुळवणी गरजेपेक्षा जास्त झाली, तर समोरच्याला ती चेष्टा किंवा मेहेरबानी वाटू शकते, हेही त्याच मांडणीत पुढे आले. तेव्हा जुळवायची ती बोलण्याची ऐसपैसता. तिची बोली तिचीच राहू द्यावी. मी माझ्या बोलीत ऐसपैस लिहिले, एवढे पुरे झाले.

इथवर वर्गाला सांगून मी समाधानाने थांबत असे. पुढच्या वर्षी त्याच मैत्रिणीचा दुसरा निरोप आला आणि माझ्या नियमाची मर्यादा मला कळली. तिने लिहिले होते :

‘आज आईनं मला विचारलं, “बाई, तुम्ही कुणाच्या?” म्हटलं, तुमच्याच, अजून कुणाला भाड्यानं दिली नाही. हाहा. चहा घेणार का म्हणून मात्र स्वतःहून विचारलं. पाहुणचार शाबूत आहे.’

मी लगेच उत्तर दिले : ‘वा, काय उत्तर दिलंस! आणि चहा विचारला म्हणजे तू पाहुणी तरी आवडती आहेस.’ पुढे हसणारे तीन चेहरे. माझ्याच मापाने मोजले तर हे उत्तर बरोबर होते. लांबी बेताची, विनोद तिच्याच कल्पनेतला, आवेश तोच. त्यानंतर तीन आठवडे तिचा निरोप नाही. शेवटी मी फोन केला तेव्हा ती रागावलेली नव्हती. एवढेच म्हणाली, ‘तू हसलीस, त्यात चुकलं काही नाही. पण मग पुढं काय लिहायचं ते मला कळेना.’

गेल जेफरसन या संभाषण-विश्लेषक बाईंचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध नेमका याच जागेवर आहे. प्रत्यक्ष संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांनी दाखवले की, स्वतःची अडचण सांगणारा माणूस पुष्कळदा सांगता सांगता हसतो. ऐकणारा मात्र सहसा त्या हसण्यात सामील होत नाही, तो अडचणीबद्दल बोलतो. सांगणाऱ्याचे हसणे ‘मी अजून उभी आहे’ असे सांगण्यासाठी असते. ऐकणाऱ्याने गंभीर राहणे हे ‘मी ऐकते आहे’ याची खूण असते. एरवी हसण्याला हसणे हे जुळणारे उत्तर. इथे मात्र हसू परत केले की दार लागते.

मग ओळखायचे कसे? दोन्ही निरोपांत ती स्वतःवरच हसली आहे, त्यामुळे विनोदाच्या जातीवरून फरक कळत नाही. मी आता विद्यार्थ्यांना तीन गोष्टी तपासायला सांगते. हसणे बाजूला ठेवून उरलेली हकिगत साध्या वाक्यात म्हणून पाहावी : ‘माझी साडी खराब झाली’ आणि ‘माझ्या आईने मला ओळखले नाही’. साडी धुता येते. दुसऱ्या वाक्याला धुणे नाही. दुसरे, ‘हाहा’ कुठे आहे ते पाहावे. पहिल्या निरोपात ती हसल्याचे कुठेही लिहीत नाही, हसायचे काम आपल्यावर सोडते. दुसऱ्यात ती मध्येच स्वतः हसून घेते. तिसरे, शेवट पाहावा. पहिल्याच्या शेवटी माझ्या मुलांची चौकशी आहे. दुसऱ्याच्या शेवटी काहीच विचारलेले नाही. यांतली एकटी खूण पुरेशी नाही, पण तिन्ही एकत्र दिसल्या की थांबावे.

अशा वेळी विनोद सोडून एकदम गंभीर होणेही बरे नव्हे. तिने हसत सांगायचे ठरवले आहे, ते धैर्य तिच्या हातून काढून घ्यायचे नसते. लांबी आणि बोलण्याची ऐसपैसता तीच ठेवावी, विनोदाला एक मान द्यावी आणि लगेच मूळ गोष्टीला हात घालावा. आज मी लिहिले असते ते असे :

‘पाहुणचार शाबूत आहे, म्हणजे काकू अजून काकूच. पण वाचून पोटात कालवलं गं. असं पहिल्यांदाच झालं का आधीपासून चाललंय? रात्री फोन करू?’

पहिल्या वाक्यात तिचाच शब्द परत गेला आहे, मात्र त्यात हसण्याची खूण नाही. दुसऱ्यात मी माझे काय झाले ते सांगितले आहे. धीर धर, देवावर भरवसा ठेव, असे तिला काही करायला सांगितलेले नाही. उरलेल्या दोन प्रश्नांमुळे पुढे काय लिहायचे, हा तिचा पेच सुटतो. नको असेल तर ‘आज नको’ एवढे म्हणायलाही तिला जागा आहे.

आता हे दोन्ही निरोप मी वर्गात एकाच तासाला फळ्यावर लिहिते आणि उत्तर पाठवण्याआधी एक गोष्ट करायला सांगते. निरोप आणि आपले उत्तर लागोपाठ मोठ्याने वाचावे, आणि मग मैत्रिणीच्या जागी बसून तिचे पुढचे वाक्य बोलून पाहावे. ते सहज सुचले, तर उत्तर जुळले. सुचले नाही, तर लांबी आणि विनोद कितीही बरोबर असले तरी उत्तर पुन्हा लिहावे.