तारीख खरी, पण कशाची?

२८ सप्टेंबर २०२२, बुधवार. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘इयन’ चक्रीवादळ धडकायला अजून काही तास बाकी होते. फोर्ट मायर्स शहरातल्या एका घराच्या अंगणात पाणी चढलं होतं आणि त्या पाण्यात काळपट रंगाचा, पाठीवर टोकदार पर असलेला एक मोठा मासा धडपडत होता. शेजारच्या रहिवाशाने आपल्या घरामागच्या ओट्यावरून मोबाइलवर ते टिपलं. ती क्लिप ट्विटरवर गेली आणि दिवसभरात एक कोटी वीस लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. सोबतचा दावा असा, की पुराच्या पाण्याबरोबर शहरात शार्क शिरला आहे.

वादळाची बातमी चालू असताना अशी क्लिप डेस्कवर येते, तेव्हा अनुभवी उपसंपादकाच्या तोंडून पहिला शब्द ‘खोटी’ हाच निघतो. त्याला कारणही तसंच आहे. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर मोटारीच्या शेजारून पोहणारा शार्क, हे चित्र २०११च्या ‘आयरीन’ वादळापासून फिरतं आहे. तेव्हा ते पोर्तो रिकोमधलं म्हणून आलं. २०१७मध्ये ‘हार्वी’ वादळात तेच ह्यूस्टनचं म्हणून आलं आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या वाहिनीच्या सूत्रसंचालकाने थेट कार्यक्रमात त्याचा उल्लेखही केला. त्या चित्रातला शार्क कापून चिकटवलेला आहे. तो थॉमस पेशाक यांच्या एका गाजलेल्या छायाचित्रातून उचलला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात एका छोट्या होडीच्या मागे लागलेला ग्रेट व्हाइट शार्क, असं ते मूळ छायाचित्र २००५मध्ये ‘आफ्रिका जिओग्राफिक’ मासिकात छापून आलं होतं. दर वादळात तोच शार्क परत येतो, हे डेस्कवरच्या सगळ्यांना पाठ झालेलं असतं.

फोर्ट मायर्सच्या क्लिपवरही शंका घेतली गेली आणि शंका घेणारे लोक काही अडाणी नव्हते. माहितीचं विश्लेषण महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने त्याच दिवशी ट्विटरवर दोन आक्षेप नोंदवले. पहिला असा, की क्लिपच्या नोंदीत जून २०१० ही तारीख दिसते, म्हणजे चित्रण बारा वर्षांपूर्वीचं आहे. दुसरा असा, की क्लिप सकाळी दहाच्या सुमारास टाकली गेली आणि त्या वेळी समुद्राचं पाणी शहरात एवढं चढलेलंच नव्हतं. दोन्ही आक्षेप नेमके होते, तपासता येण्यासारखे होते. घाईतल्या डेस्कला तेवढ्यावर ‘ही क्लिप जुनी आहे’ अशी बातमी करायचा मोह झाला असता, तर नवल नव्हतं. ती बातमी मात्र चुकली असती.

जून २०१० ही तारीख खरीच होती, पण ती चित्रणाची नव्हती. क्लिप टाकणाऱ्याचं ट्विटर खातं त्या महिन्यात उघडलेलं होतं. पडताळणीसाठी वापरलेल्या ऑनलाइन साधनाने खात्याचा जन्ममहिना दाखवला आणि वाचणाऱ्यांनी तो चित्रणाचा महिना समजला. प्राध्यापिकांनी नंतर हे मोकळेपणाने मान्य केलं.

मला या प्रकरणातला हा तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो. पडताळणीच्या साधनांवर आपण भरवसा ठेवतो तो बहुतेक वेळा योग्यच असतो. आपण घसरतो ते साधनाने दिलेलं उत्तर वाचताना. एकाच फोटोभोवती चार-पाच तारखा असतात. कॅमेऱ्याने फोटो टिपला ती, कोणीतरी तो पहिल्यांदा इंटरनेटवर टाकला ती, शोधयंत्राला तो पहिल्यांदा सापडला ती, आपल्या फोनवर फॉरवर्ड होऊन आला ती, आणि ज्या खात्यावरून आला ते खातं उघडल्याची. टिनआयसारख्या रिव्हर्स इमेज सर्चमध्ये निकाल सगळ्यात जुन्यापासून लावता येतात आणि ते फार उपयोगी पडतं. पण तिथे दिसणारी तारीख ही त्या यंत्राला ते चित्र एखाद्या पानावर आढळल्याची असते. त्यावरून फोटो त्या दिवशी अस्तित्वात होता, एवढंच सिद्ध होतं. घटनेच्या आधीची तारीख निघाली, तर दावा तिथेच कोसळतो. घटनेनंतरची निघाली, तर काहीच ठरत नाही.

घड्याळाचंही तसंच. आपल्याकडे बसून परदेशातली पोस्ट पाहिली, की तिची वेळ साधारणपणे आपल्या घड्याळाप्रमाणे दिसते. सप्टेंबरात फोर्ट मायर्सला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. हा साडेनऊ तासांचा फरक ध्यानात घेतला नाही, तर ‘वादळाआधी’ आणि ‘वादळानंतर’ यांची सहज उलटापालट होते.

क्लिप खरी की खोटी, हे शेवटी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सोडवलं आणि तेही जुन्या बातमीदारीच्या पद्धतीने. त्यांनी चित्रण करणारा माणूस शोधून काढला. ट्विटरवरून क्लिप घेणं आणि ज्याच्या हातात फोन होता त्याच्याशी बोलणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. या माणसाने ती क्लिप आधी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवली होती. तिथल्या एका मित्राने वृत्तसंस्थेला त्या संभाषणाचा वेळ दिसणारा स्क्रीनशॉट दिला. मग मूळ फाइल पाहिली गेली. तिच्यातली वेळ बुधवार सकाळची होती, म्हणजे आक्षेप घेणारं ट्विट येण्याच्या आधीची. तीन वेगळ्या ठिकाणचे धागे एकमेकांशी जुळले, तेव्हा ‘केव्हा’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

दुसरा आक्षेप मात्र अजून उभा होता. सकाळी एवढं पाणी आलं कुठून? त्याचं उत्तर त्या जागेच्या रचनेत होतं. ही वसाहत हेन्ड्री क्रीक नावाच्या खाडीलगत आहे आणि घरांमागे पाणी साठवण्याचं तळं आहे. समुद्राची मोठी लाट शहरात येण्याआधीच ते तळं भरून वाहू लागलं होतं. चित्रण झालं तेव्हा पूर नुकता सुरू होत होता. वृत्तसंस्थेने संध्याकाळी फोनवर गाठलं, तेव्हा पाणी त्या माणसाच्या घरापर्यंत आलं होतं. म्हणजे ‘त्या वेळी शहरात पाणी नव्हतं’ हे विधान शहरभराला धरून बरोबर असेल, पण त्या एका अंगणाला ते लागू नव्हतं. आपल्या जिल्ह्याच्या बातमीदाराला हे वेगळं सांगावं लागणार नाही. नदीची पातळी इशारा पातळीच्या खाली असली, तरी ओढ्याकाठची एखादी गल्ली आधीच पाण्यात असते. म्हणून सरकारी आकडा बघून क्लिप फेटाळण्याआधी त्या गल्लीत राहणाऱ्या कोणाला तरी फोन लावावा लागतो.

मूळ फाइलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे जवळजवळ सगळं साहित्य व्हॉट्सअ‍ॅपवरून येतं. फोनने काढलेल्या फोटोत वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाण, ही माहिती फाइलच्या पोटात असते. तिला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला, की फाइल दाबून लहान केली जाते आणि ही माहिती गळून पडते. म्हणून फोटो काढणाऱ्याला विनंती करायची, की तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा ईमेल करा. ही विनंती म्हणजे एक परीक्षाही ठरते. ज्याने खरंच फोटो काढला आहे, तो मूळ फाइल देऊ शकतो, आधीचे-नंतरचे चार फोटो दाखवू शकतो, आपण कुठे उभे होतो ते सांगतो. ‘मला पण ग्रुपवर आला’ असं उत्तर आलं, की आपण अजून साखळीच्या मधल्याच कडीशी बोलत आहोत, हे कळतं. मेटाडेटाही शेवटचा शब्द नव्हेच. फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं आणि ही माहिती हाताने बदलताही येते. म्हणूनच ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटसारखा दुसरा स्वतंत्र धागा लागतो.

स्वतंत्र या शब्दावर माझा जोर आहे. ‘तीन वाहिन्यांनी चालवलं आहे’ हे वाक्य डेस्कवर पुरावा म्हणून फेकलं जातं. तिघांनीही तेच एक ट्विट उचललं असेल, तर तो एकच स्रोत आहे, आणि त्यालाही कोणी विचारलेलं नाही.

याच्या उलट टोकाला असं साहित्य असतं, जिथे फोटो अस्सल असतो आणि त्याच्याबरोबरची गोष्ट खोटी असते. महाराष्ट्राने याची भयंकर किंमत मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबावर जमाव धावून गेला. त्यांना पोलिसांनी वाचवलं. त्या दिवसांत मालेगावात फिरलेल्या एका चित्रफितीत ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह होते आणि टोळ्यांनी अवयवांसाठी मुलं मारल्याचं सांगितलं जात होतं. ते दृश्य सीरियातल्या घौटामधलं होतं. ऑगस्ट २०१३मध्ये तिथे झालेल्या रासायनिक हल्ल्यात ती मुलं मेली होती. फोटोत कुठेही छेडछाड नव्हती. कडा, सावल्या, रंग तपासत बसणाऱ्याला त्यात काहीही सापडलं नसतं. इथे उपयोग होता तो साध्या रिव्हर्स सर्चचा. व्हिडिओ असेल तर त्यातली दोन-तीन स्पष्ट चित्रं थांबवून घ्यायची आणि गूगल लेन्स, टिनआय, यांडेक्स अशा एकाहून अधिक ठिकाणी शोधायची, कारण एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं. जगभर छापलं गेलेलं जुनं छायाचित्र अशा शोधात काही मिनिटांत हाती लागतं.

शोधात काहीच आलं नाही, तर मात्र ‘फोटो नवा आहे’ असं मानायची घाई नको. कोणाच्या तरी फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेला आणि आज पहिल्यांदा बाहेर आलेला फोटो शोधयंत्राला माहीत असण्याचं कारण नाही. फ्लोरिडाच्या क्लिपवर नुसता रिव्हर्स सर्च चालवून काही सिद्ध झालं नसतं. तिथे माणसापर्यंत पोहोचणंच भाग होतं आणि त्याला काही मिनिटं नाही, काही तास लागतात. तोवर वादळाची बातमी थांबत नाही आणि थांबवायचीही नसते. वाऱ्याचा वेग, स्थलांतर, बंद रस्ते हे सगळं जाऊ द्यायचं, क्लिप बाजूला ठेवायची.

क्लिप कोणी काढली, कुठे आणि केव्हा, हे ठरल्यावरही एक प्रश्न उरला होता, आणि मथळा त्याच प्रश्नावर बेतलेला होता. तो प्राणी शार्क होता का? चित्रण करणाऱ्याने स्वतः कधी तसा दावा केला नव्हता. त्याला काहीतरी मासा तडफडताना दिसला, अंदाजे चार फुटांचा, आणि शार्क म्हणाले ते त्याचे मित्र. वृत्तसंस्थेने जाणकारांना विचारलं. फ्लोरिडाच्या निसर्गइतिहास संग्रहालयातल्या शार्क संशोधन विभागाचे माजी प्रमुख जॉर्ज बर्जेस यांना ते शार्कचं पिल्लू वाटलं. कमी खाऱ्या पाण्यात, खाड्यांत, समुद्राशी जोडलेल्या तळ्यांत बुल शार्कची पिल्लं नेहमी आढळतात, असं त्यांनी सांगितलं. मायामी विद्यापीठातले शार्क अभ्यासक नील हॅमरश्लाग यांच्या मते क्लिपवरून सांगणं अवघड होतं. त्यामुळे बातमीत लिहिता येईल ते इतकंच: फोर्ट मायर्समधल्या एका अंगणात बुधवारी सकाळी पुराच्या पाण्यात शार्कसारखा दिणारा मोठा मासा दिसला, चित्रण अस्सल आहे, आणि तो शार्कच होता का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.