गोळी की झोपेची डायरी?

घरात कुणी गेलंय, चार रात्री डोळ्याला डोळा नाही. अशा वेळी डॉक्टरांनी झोल्पिडेमसारखी गोळी थोडे दिवस दिली, तर त्यात गैर काही नाही. परिणाम त्याच रात्री दिसतो. पण ती दोन ते चार आठवड्यांपलीकडे सहसा नेत नाहीत, कारण सवय लागते आणि बंद करताच काही रात्री झोप आणखी बिघडते. ‘गोळीशिवाय जमतच नाही’ ही समजूत बहुधा तिथेच पक्की होते.

तीन महिन्यांहून जुन्या निद्रानाशाला मात्र सीबीटी आधी. समजा, एखाद्या बाई दहाला आडव्या होतात, साडेसहाला उठतात. डायरीत प्रत्यक्ष झोप भरते साडेपाच तास. थेरपिस्ट सांगतो, साडेबाराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही आणि सहाला उठायचंच. पहिला आठवडा दिवसा पेंग येते, बरेच जण इथेच सोडतात. अंथरुणातला ८५ टक्क्यांहून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला, की पंधरा मिनिटं वाढवायची. रात्रपाळीचे ड्रायव्हर, फिट्स किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये.