आकृती हरवली तरी प्रश्न सुटतो

प्रश्नसंच हातोहात फिरतात, झेरॉक्सची झेरॉक्स निघते आणि ‘खालील आकृती पाहून उत्तर लिहा’ या ओळीखाली आकृतीच नसते. उरतो तो नुसता प्रसंग: अवकाळी पावसाने कांद्याचे पीक गेले, सरकारने निर्यात बंद केली, आता किंमत आणि नगसंख्या यांचे काय होईल? बारावीची बरीच मुले असा प्रश्न सोडून देतात. सोडायचे कारण नाही. वक्र कोणता आणि तो कोणत्या बाजूला सरकला, हे प्रसंगातच सांगितलेले असते.

वरचा प्रसंग घडलेलाच आहे. 29 सप्टेंबर 2019 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. पाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने महाराष्ट्रातला खरीप कांदा शेतातच सडला. या दोन घटना घेऊन उत्तराकडे जाऊ.

आधी बाजार ठरवायचा. समजा, आपण लासलगावच्या बाजार समितीत उभे आहोत. तिथे विकणारा शेतकरी आहे आणि घेणाऱ्यांत देशातले व्यापारी आहेत, तसेच निर्यातदारही. मग प्रत्येक घटनेला एकच विचारायचे: हिचा फटका घेणाऱ्याला बसला की विकणाऱ्याला? पावसाने शेतकऱ्याकडचा माल गेला, म्हणजे पुरवठ्याचा वक्र डावीकडे सरकला. बंदीमुळे निर्यातदार खरेदीतून बाहेर पडला, म्हणजे मागणीचा वक्र डावीकडे सरकला.

आता किंमत जुनीच धरून थांबायचे आणि त्या किमतीला माल उरतो की कमी पडतो ते पाहायचे. एकट्या पावसाचा विचार केला तर जुन्या भावाला घेणारे तेवढेच आहेत, पण आवक घटली. माल कमी पडतो, लिलावात बोली चढते. किंमत वाढते, नगसंख्या घटते. एकट्या बंदीचा विचार केला तर आवक तेवढीच आहे, पण घेणारे कमी झाले. माल उरतो, भाव पडतो. किंमत घटते, नगसंख्याही घटते.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की उत्तर दिसते. नगसंख्या दोन्हीकडे घटते, म्हणून ती नक्की घटणार. किंमत एकीकडे चढते आणि दुसरीकडे उतरते. कोणता वक्र जास्त सरकला हे प्रसंगात दिलेले नाही, म्हणून किमतीबद्दल ‘निश्चित सांगता येत नाही’ हेच बरोबर उत्तर आहे. प्रत्यक्षात डिसेंबर 2019 मध्ये अनेक शहरांत कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. त्यावरून पावसाचा धक्का बंदीपेक्षा मोठा होता असे म्हणता येते. पण ते आपल्याला भाव पाहून कळले, प्रश्नातून नव्हे.

सगळ्यात जास्त गुण जातात ते पुढच्या पायरीवर. ‘भाव वाढला, म्हणून गृहिणींनी कांदा कमी घेतला, म्हणून मागणी घटली, म्हणून भाव पुन्हा उतरला,’ असे मुले लिहीत जातात. पण इथे खरेदी कमी झाली ती कांद्याच्याच किमतीमुळे. हा मागणीतील संकोच आहे, मागणीतील ऱ्हास नव्हे. संकोचात वक्र जागेवरच राहतो, आपण त्याच वक्रावर वरच्या बिंदूकडे जातो. उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी वस्तूची किंमत किंवा ग्राहकांची संख्या यांसारखा दुसरा घटक बदलला, तरच मागणीचा वक्र सरकतो. वस्तूची स्वतःची किंमत त्याला कधीच सरकवत नाही.

बाजार आधी का ठरवायचा, तेही याच उदाहरणात दिसते. प्रश्न देशातल्या घरगुती ग्राहकांच्या बाजाराबद्दल असेल, तर परदेशी जाणारा कांदा बंदीमुळे इकडे वळतो. म्हणजे बंदीने मागणी घटत नाही, पुरवठा वाढतो. किंमत तेव्हाही उतरते, पण या बाजारातली नगसंख्या वाढते. घटना एकच, उत्तर उलटे. म्हणून उत्तराची पहिली ओळ बाजाराच्या नावाची असावी.

प्रसंगावरून दिशा कळते, रक्कम कळत नाही. ‘नवी समतोल किंमत किती?’ असे विचारले असेल आणि प्रश्नात कोष्टक किंवा समीकरण नसेल, तर तो आकडा हरवलेल्या आकृतीतच होता. वक्र किती सरकला आणि किती तिरपा होता, हे शब्दांतून काढता येत नाही. अशा वेळी अंदाजाने आकडा ठोकू नका. बाजार, सरकलेला वक्र, त्याची दिशा, जुन्या किमतीला तुटवडा की शिल्लक आणि शेवटी परिणाम, एवढे क्रमाने लिहा. प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांनाही एक विनंती आहे: आकृती द्या किंवा देऊ नका, पण बाजार कोणता ते प्रश्नात जरूर लिहा.