गोळी घेतली, मग पाळी कधी?

मेडिकलच्या दुकानातून लिहून दिल्याशिवाय मिळणारी तातडीची गर्भनिरोधक गोळी म्हणजे १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. संबंधांनंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती स्त्रीबीज बाहेर पडणं थांबवते किंवा लांबवते. गर्भ रुजला असेल तर त्याला ती काही करत नाही.

पाळीचं गणित बिघडतं ते यामुळेच. गोळी महिन्याच्या सुरुवातीला, बीज तयार होण्याच्या आधी घेतली, तर पाळी बऱ्याचदा लवकर येते: एकदम मिळालेलं संप्रेरक ओसरलं की गर्भाशयाचं अस्तर गळू लागतं. बीज सुटायच्या बेतात असताना घेतली, तर बीजच मागे ढकललं जातं आणि पाळीही लांबू शकते. बीज सुटून गेल्यावर घेतलेल्या गोळीने तारीख फारशी हलत नाही, मात्र त्या वेळी गोळीचा उपयोगही जवळजवळ नसतो. बहुतेक जणींची पाळी ठरल्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे येते.

एक उदाहरण घेऊ. एकीची पाळी १ मार्चला आली. तिचं चक्र २८ दिवसांचं, म्हणजे पुढची २९ मार्चला अपेक्षित. १० मार्चच्या रात्री संबंध आले, ११ ला गोळी घेतली. १७ ला थोडे डाग दिसले. इथेच घोटाळा होतो. "आली बाई एकदाची!" म्हणून ती निर्धास्त होते, पण हे डाग गोळीचे असू शकतात. त्यांच्यावरून गर्भ राहिला नाही असं म्हणता येत नाही.

म्हणून पाळीची वाट पाहण्यापेक्षा संबंधांच्या तारखेपासून मोजावं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. बीज फळल्यावर ते रुजायला साधारण सहा ते बारा दिवस जातात, आणि रुजल्यावरच लघवीतल्या तपासणीला लागणारं संप्रेरक वाढू लागतं. हे सगळं धरून २१ दिवस. तिच्या बाबतीत ३१ मार्च. त्या दिवशी, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीवर, किटने तपासावं. १८-१९ मार्चला घाईने केलेल्या तपासणीत एकच रेघ आली, तर ती काहीच सांगत नाही.

आता गोळीने बीज लांबलं असेल, तर पुढच्या दिवसांत धोका संपत नाही, उलट तो पुढे सरकतो. १५ मार्चला निरोधाशिवाय पुन्हा संबंध आले, तर मोजणी तिथून सुरू होते: ५ एप्रिल. आधीची गोळी या संबंधांना पुरत नाही.

आणखी दोन गोष्टी. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर घटतो, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावं. तपासणीत दोन रेघा आल्या आणि पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते.