फोडणीचा भात आणि पित्त

वैशाखातली रात्र. गुहागरजवळच्या एका घरी पूजेची माणसं जेवून गेली आणि मोठ्या पातेल्यात निम्माअधिक भात उरला. आजीने त्यावर ताट झाकलं, मांजर येईल म्हणून ताटावर वरवंटा ठेवला आणि दिवा मालवला. सकाळी फोडणीचा भात, हे तर ठरलेलंच.

नात अन्नतंत्रज्ञान शिकते. तिने भातात खुपसायचा थर्मामीटर सोबत आणला होता. रात्री दहाला पातेल्याच्या मध्यावर ६२ अंश होते. पहाटे पाचला तिने पुन्हा पाहिलं, तर ३६. सात तास होऊनही मधला भात कोमटच होता.

"आजी, हा भात टाकायचा."

"वास घेऊन बघ आधी. आंबलाय का? चिकट झालाय का?"

भात आंबला नव्हता, चिकटही नव्हता. आणि खरी अडचण तिथेच होती. दूध नासलं, आमटी आंबली, तर नाकाला कळतं. आजीचं नाक त्यात सहसा चुकत नाही. भातातल्या धोक्याला मात्र बहुतेक वेळा वासच नसतो. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू मातीतून तांदळावर येतो. तांदूळ शिजवला की जिवाणू मरतो, पण त्याचे बीजाणू उकळीतूनही तगतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात, आणि भातात एक विष सोडतात. या विषाने उलट्या होतात.

"मी काय तो तसाच खाणार आहे? तेल कडकडीत तापवून फोडणी देणार," आजी म्हणाली.

हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो आणि तो अर्धा खरा आहे. फोडणीच्या आचेने जिवाणू मरतील. पण त्यांनी आधीच सोडलेलं विष प्रेशर कुकरच्या उष्णतेलाही दाद देत नाही, मग कढईतल्या परतण्याची काय कथा! रात्रभर जे साचलं ते सकाळी जाळून टाकता येत नाही.

"पन्नास वर्षं खातोय आम्ही. कुणाला काही झालं नाही."

नातीने वाद घातला नाही, फक्त विचारलं, "फोडणीचा भात खाऊन दुपारच्या आत कुणाला कधी उलट्या?"

आजी जरा थांबली. "तुझ्या आजोबांना व्हायच्या अधूनमधून. पण ते पित्त हो. उलटी झाली की मोकळं व्हायचं."

आजोबांना पित्तच होत असेल, नसेलही. आता ते सांगता येणार नाही. पण या विषाची लक्षणं तशीच दिसतात. खाल्ल्यावर तासाभरापासून सहा तासांपर्यंत मळमळ, उलट्या, आणि बहुधा दिवसाच्या आत आराम. ताप सहसा नसतो. म्हणून नाव पित्ताचं होतं आणि भात सुटतो. निरोगी माणसाचं बहुतेकदा एवढ्यावर भागतं. क्वचित यकृतावर बेतल्याच्याही नोंदी आहेत.

नातीने आजीच्या सगळ्याच सवयींवर फुली मारली असती तर मला ती आवडली नसती. तिने लोणच्याची बरणी मुद्दाम बाहेरच ठेवली. त्या बरणीत ओला चमचा घालायची कुणाची हिंमत नाही, आणि हा धाक अगदी योग्य आहे. कैरीची आंबटाई आणि भरपूर मीठ जिवाणूंना वाढू देत नाही, वरचं तेल हवा अडवून बुरशी रोखतं. पाण्याचा थेंब पडला की तेवढ्या जागी मीठ पातळ होतं आणि बुरशीला पाय रोवता येतो. आजीचा नियम इथे शास्त्राशी तंतोतंत जुळतो. भाताला मात्र ना आंबटपणा, ना तेवढं मीठ. भरपूर ओलावा आणि पिष्ट, म्हणजे जिवाणूंना आयती पंगतच.

मग उरलेल्या भाताचं करायचं काय? पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलून उपयोग नाही. खोल भांड्यातला भात तिथेही मध्ये कित्येक तास गरम राहतो. पुढच्या वेळी नातीने जेवणं आटोपताच भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरला आणि पंख्याखाली ठेवला. वाफ गेल्यावर तो उथळ डब्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये गेला. शिजल्यापासून दोन तासांच्या आत एवढं उरकायचं, दुसऱ्या दिवशी संपवायचा, आणि परतताना आतपर्यंत वाफाळेल इतका, एकदाच, गरम करायचा.

परात घासायला कोण येणार, म्हणून आजी कुरकुरली. सकाळी कढईत झारा फिरवताना मात्र तिने भात उचलून पाहिला. गार झाल्यावर भातातलं पिष्ट घट्ट होतं, त्यामुळे शीत न् शीत सुटं होतं.

"असा मोकळा कधी होत नाही गं माझा," ती म्हणाली, आणि शेंगदाणे आणखी मूठभर टाकले.