एका टक्क्याने कोसळणारा नियंत्रक

१९७८ साली जॉन डॉइल यांचा जेमतेम दोन पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एलक्यूजी पद्धतीने बांधलेला नियंत्रक यंत्राविषयीच्या गणितातली चूक किती सोसेल, याची हमी काय, हा त्याचा विषय. सारांश तीन इंग्रजी शब्दांचा, आणि त्याचा अर्थ एवढाच की अशी हमी मुळीच नाही.

एलक्यूजीचे दोन भाग असतात. यंत्राचा कोन, वेग वगैरे सगळे ठाऊक आहे असे धरून मोटरला किती जोर लावायचा, हे पहिला भाग ठरवतो. प्रत्यक्षात सगळे मोजता येत नाही. म्हणून दुसरा भाग, काल्मन फिल्टर, सेन्सरच्या अशुद्ध मोजमापांवरून उरलेल्याचा अंदाज बांधतो. एकटा पहिला भाग भलताच सोशिक असतो: मोटरचा जोर गृहीत धरल्याच्या निम्मा निघाला किंवा कितीही पट वाढला, तरी यंत्र स्थिर राहते. फिल्टर जोडल्यावरही हे टिकेल, असे वाटणे साहजिक होते.

डॉइल यांनी एक साधे, स्वभावतः अस्थिर यंत्र घेतले. त्यांच्या सूत्रांतले दोन्ही भारांक ६० धरून मी गणित केले. सगळे मोजता येत असेल, तर मोटरचा जोर एक-पंचमांशावर येईपर्यंत यंत्र सावरते. फिल्टर जोडला, की तोच जोर एक टक्क्याने वाढताच यंत्र हाताबाहेर जाते आणि सुमारे सात टक्क्यांनी घटला तरी तेच होते. मोटर नुसती तापली तरी एवढा फरक पडू शकतो!

असे का होते? फिल्टरच्या पोटात यंत्राची गणिती प्रतिकृती असते. मोटरला दिलेला प्रत्येक हुकूम तिलाही मिळतो आणि तो तंतोतंत पाळला गेला, असे ती धरून चालते. खरी मोटर जरा जास्त जोर लावते, अंदाज चुकतो आणि पुढचा हुकूम त्या चुकीवरच बेततो.

१९७९ मध्ये डॉइल आणि गुंटर स्टाइन यांनी उपाय सुचवला. पुढे तो लूप ट्रान्सफर रिकव्हरी या नावाने रूढ झाला. हुकूम जिथून यंत्रात शिरतो, तिथेच मोठा गोंगाट आहे, असे फिल्टरला मुद्दाम खोटे सांगायचे. मग तो हुकमावर कमी आणि मोजमापावर जास्त विसंबतो. वरच्याच उदाहरणात या काल्पनिक गोंगाटाची तीव्रता दहा लाख धरली, की मोटरचा जोर ०.२७ पटीपासून ३.१ पटीपर्यंत बदलला तरी यंत्र स्थिर राहते. तीव्रता वाढवत नेली, की पहिल्या भागाची मूळ हमी जवळजवळ परत मिळते.

हे फुकट मिळत नाही. याच उदाहरणात सेन्सरचा जलद थरथरणारा गोंगाट मोटरपर्यंत आधीपेक्षा सुमारे ५५ पट जोराने पोचतो, आणि मोटर खडखडते. शिवाय काही यंत्रे आधी उलट दिशेला जातात. जलविद्युत टर्बाइनचे दार उघडले, की वीज वाढण्याआधी क्षणभर घटते. अशा ठिकाणी हमी पूर्ण परत मिळेलच असे नाही.

एलक्यूजी वापरणाऱ्याने म्हणून मोटरचा गेन वीस टक्के वर-खाली करून सिम्युलेशन चालवावे. त्यात यंत्र डगमगले, तर नियंत्रक प्रत्यक्ष यंत्रावर चढवू नये.