लूकअलाइक जिंकलं, पण कशामुळे?

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करणाऱ्या छोट्या उद्योजकांचा एक ठरलेला वाद असतो: गिऱ्हाईक लूकअलाइकने शोधावं की इंटरेस्टने? इंटरेस्टमध्ये आपण सांगतो, ‘स्वयंपाकाची आवड असलेल्यांना जाहिरात दाखव.’ लूकअलाइकमध्ये आपण जुन्या ग्राहकांची यादी देतो आणि मेटाची यंत्रणा त्यांच्याशी मिळतीजुळती माणसं शोधते. यादीत एका देशातली किमान १०० माणसं ओळखू यावी लागतात. मग त्या देशातली सर्वांत जुळणारी १ टक्का माणसं घ्यायची की अगदी १० टक्क्यांपर्यंत जायचं, हे आपण ठरवतो.

हिशोबासाठी घरगुती गोडा मसाला विकणारा एक उद्योग घेऊ. लूकअलाइकचा ॲड सेट तीन आठवडे चालू आहे, रोज ६०० रुपये, जाहिरातीत फोडणीचा व्हिडिओ. इंटरेस्टचा ॲड सेट पाच दिवसांपूर्वी सुरू केला, रोज ३०० रुपये, जाहिरातीत पाकिटाचा फोटो. पहिल्यात ऑर्डर १४० रुपयांना पडते, दुसऱ्यात २३० रुपयांना. मालक म्हणतात, ‘इंटरेस्ट बंद करा.’ पण इथे जिंकलं कोण? व्हिडिओही जिंकला असेल किंवा नुसते तीन आठवडेही.

त्यातले तीन आठवडे सर्वांत फसवे. नवा ॲड सेट सुरू झाला की त्याच्यापुढे ‘Learning’ असं दिसतं. कोणाला, कधी, कुठे जाहिरात दाखवली तर ऑर्डर येते, हे यंत्रणा त्या काळात चाचपडत असते, म्हणून खर्च वरखाली होतो आणि बहुधा जास्तच येतो. साधारण आठवड्याभरात ५० ऑर्डर आल्या की हा टप्पा संपतो. तेवढ्या येण्याची चिन्हं नसतील तर ‘Learning limited’ असा शेरा येतो. मध्येच जाहिरात बदलली, टार्गेटिंग बदललं किंवा बजेट एकदम वाढवलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे मालकांनी मुरलेल्या लोणच्याची तुलना काल घातलेल्या लोणच्याशी केली होती.

बजेटही याच ५० वरून काढायचं. ऑर्डर १५० रुपयांच्या आसपास पडेल असा अंदाज असेल, तर ५० ऑर्डरींना ७,५०० रुपये लागतील, म्हणजे दिवसाला साधारण १,१०० रुपये, आणि तेही प्रत्येक ॲड सेटला. रोज ३०० रुपयांत इंटरेस्ट शिकूच शकलं नसतं. बजेट ॲड सेटच्याच पातळीवर बांधून द्यावं. ते कॅम्पेनच्या पातळीवर ठेवलं, तर यंत्रणा लवकर ऑर्डर देणाऱ्या बाजूला पैसे ओतते आणि दुसरी बाजू उपाशी राहते.

क्रिएटिव्हचं सोपं आहे: दोन्हीकडे तोच एक व्हिडिओ, तोच मजकूर. तीन-चार जाहिराती ठेवल्या तर यंत्रणा प्रत्येक ॲड सेटमध्ये वेगळीच लाडकी निवडू शकते. जुन्या पोस्टवरचे लाइक आणि कमेंटही माल विकतात, म्हणून पोस्ट दोन्हीकडे नवी तरी असावी किंवा जुनी तरी.

जुने ग्राहक आणि वेबसाइटवर येऊन गेलेले लोक दोन्हीकडून वगळावेत. चाचणी Ads Manager मधल्या A/B टेस्टमधून लावावी. ती लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करते, त्यामुळे एकच माणूस दोन्ही गटांत येत नाही. दिलेल्या गटाबाहेर जाण्याची मुभा यंत्रणेला असेल तर ती काढून घ्यावी. ती काढता येत नसेल, तर आपण गट तपासत नसून नुसती सूचना तपासतो आहोत, हे ध्यानात ठेवावं. आणि फ्रीक्वेन्सीवर नजर असू द्यावी. १ टक्क्याचा गट लहान असेल तर तेवढ्याच बजेटमध्ये त्याच माणसांना जाहिरात पुन्हा पुन्हा दिसते आणि लूकअलाइक विनाकारण महाग ठरतं.

आता चाचणी चालवू. पहिला आठवडा शिकण्यात गेला, तो मोजायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन्हीकडे ७,७०० रुपये खर्च झाले. समजा, लूकअलाइकने ५२ ऑर्डर दिल्या आणि इंटरेस्टने ४७. म्हणजे ऑर्डरमागे १४८ आणि १६४ रुपये. आधीची नव्वद रुपयांची दरी सोळावर आली.

हे सोळा रुपये तरी खरे का? एक ढोबळ पण कामाचा हिशोब आहे. एकूण ऑर्डर ९९, त्यांचं वर्गमूळ जवळपास १०, त्याची दुप्पट २०. दोन बाजूंत २० पेक्षा जास्त ऑर्डरींचा फरक असेल तरच तो मानायचा. इथे तो पाचच आहे, म्हणजे पुढच्या आठवड्यात उलटूही शकतो. फरक याच प्रमाणात टिकला, तरी तो खरा म्हणायला एकूण १,६०० च्या आसपास ऑर्डर लागतील. म्हणजे अशी चाचणी सोळा आठवडे चालवायची आणि तिच्यावर अडीच लाखांच्या आसपास घालवायचे.

मसाल्याच्या धंद्यात मी तरी तो खर्च करणार नाही. दोन्ही ॲड सेट चालू ठेवीन आणि पुढची चाचणी दुसऱ्या व्हिडिओची लावीन.